एकाच गाळ्यावर दोन हक्क: नौपाड्यातलं एक प्रकरण

ठाण्यात नौपाड्यात, घंटाळीच्या आतल्या रस्त्यावर 240 चौरस फुटांचा एक गाळा. तिथे एक ताई पोळीभाजी केंद्र चालवतात. गाळ्याचे मालक डोंबिवलीचे, सत्तरी ओलांडलेले. ताई त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही इथे काकाच म्हणतो. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. कागदांतली भाषा आणि घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे.

11 मार्च 2024 ला ताई माझ्याकडे आल्या त्या रडवेल्या होऊन. म्हणाल्या, "वकीलसाहेब, गाळा विकला जातोय. माझा पहिला हक्क होता, पण एक कोटी अठरा लाख मी कुठून आणू? मी नाही म्हणून बसले." मी विचारलं, हक्क कुठे लिहिलाय? त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले. त्यांच्या लेखी दोन्ही एकच, "फर्स्ट राइट". माझ्या दृष्टीने ते दोन वेगळे प्राणी होते, आणि ताई चुकीच्या कागदावर लढत होत्या.

पहिला कागद म्हणजे 1 जुलै 2019 पासून साठ महिन्यांचा नोंदणी केलेला लीव्ह अँड लायसन्स करार. त्यात कलम 17, एजंटने घातलेलं: "सदर जागा विक्रीस काढल्यास प्रथम प्राधान्य लायसन्सी यांस देण्यात येईल." एवढंच.

दुसरा कागद 14 जून 2021 चा, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर. दुसऱ्या लाटेनंतर काकांना दवाखान्याच्या खर्चासाठी पैसे हवे होते. ताईंनी ओटा, चिमणी, धुराचा डक्ट, गॅसची पाइपलाइन यांवर तोवर सातेक लाख घातले होते आणि जागा हातची जाईल ही धास्ती त्यांना होती. त्यांनी काकांना दोन लाख रुपये चेकने दिले आणि काकांनी सही करून दिली: "रुपये दोन लाख मिळाले. त्याबदल्यात ताईंना दि. 31 मार्च 2024 पर्यंत सदर गाळा रुपये 92 लाख या किमतीस विकत घेण्याचा हक्क राहील व त्यांनी मागणी केल्यास मी विक्री करून देईन."

पहिला कागद फर्स्ट रिफ्युजलचा, दुसरा ऑप्शनचा. फरक समजायला एकच प्रश्न पुरतो: व्यवहार सुरू करण्याची चावी कोणाच्या हातात आहे? ऑप्शनमध्ये ती घेणाऱ्याच्या हातात असते. मालकाला विकायचं असो वा नसो, मुदतीत मागणी आली की ठरलेल्या किमतीला विकावंच लागतं. घेणाऱ्यावर मात्र घेण्याचं बंधन नसतं. ही मोकळीक त्याने पैसे मोजून मिळवलेली असते. फर्स्ट रिफ्युजलमध्ये चावी मालकाकडे. त्याने विकायचं ठरवलं आणि बाहेरच्या माणसाचा खरा प्रस्ताव आला, तरच हक्क जागा होतो. तेव्हा किंमतही त्या बाहेरच्याने ठरवलेली असते. हक्कदाराला फक्त तिची बरोबरी करता येते. मालकाने आयुष्यभर विकलंच नाही तर हा हक्क कागदावर पडून राहतो.

आता काय घडलं होतं ते पाहू. जानेवारीत शेजारच्या सराफांनी काकांना प्रस्ताव दिला. काकांनी 19 जानेवारीला ताईंना फोन केला, "ताई, पहिला मान तुमचा. एक कोटी अठरा आलेत. घेता का?" माणूस सरळ. कलम 17 त्यांच्या लक्षात होतं आणि ते आपण पाळलं असं त्यांना मनापासून वाटत होतं. 2021 चा कागद त्यांच्या डोक्यात "उसने दोन लाख" म्हणून बसला होता. ताईंनी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप केलं: "काका एवढे नाही जमणार, एक कोटी पाच पर्यंत बघा ना." काकांनी उत्तर दिलं नाही. सराफांनी लाखभर टोकन दिलं आणि वकिलाकडून सर्च रिपोर्ट काढायला सुरुवात केली.

म्हणजे ज्यांच्याकडे 92 लाखांना गाळा घेण्याचा हक्क होता, त्या ताई एक कोटी पाच लाखांसाठी विनवण्या करत होत्या. आणि मुदत संपायला वीस दिवस उरले होते.

आधी कलम 17 बद्दल, कारण महाराष्ट्रभरच्या करारांत हे वाक्य असंच्या असं सापडतं. ते अगदीच निरर्थक नाही, पण त्यावर कोर्टात उभं राहणं कठीण. "विक्रीस काढल्यास" म्हणजे केव्हा? एजंटला सांगितलं तेव्हा, की प्रस्ताव आला तेव्हा? "प्राधान्य" कोणत्या किमतीला? किती दिवस? तोंडी सांगितलं तर चालेल? करार कायद्याचं कलम 29 म्हणतं की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो रद्दबातल. बाहेरच्या प्रस्तावाची किंमत हाच मापदंड धरून एखादं न्यायालय हे कलम वाचवेलही, पण त्यासाठी आधी प्रस्ताव डोळ्यांना दिसायला हवा.

तो त्याच आठवड्यात मिळाला, एका पानाचं पत्र. वाचून मी थबकलो. एक कोटी अठरा लाख हा नुसत्या गाळ्याचा आकडा नव्हता! गाळा आणि त्याच्यामागची काकांची 90 फुटांची खोली मिळून तो होता, आणि कशाचे किती ही फोड पत्रात नव्हती. काका स्वतः खोलीचे अठराएक लाख धरत होते. म्हणजे गाळ्याचा भाव सुमारे एक कोटी, आणि ताई त्याहून पाच लाख जास्त द्यायला तयार होत्या, कारण त्यांना प्रस्ताव दाखवलाच नव्हता. फर्स्ट रिफ्युजल मोडण्याची ही अगदी नेहमीची वाट आहे, कधी जाणूनबुजून, कधी नकळत: हक्काची जागा दुसऱ्या मालमत्तेबरोबर एका गठ्ठ्यात विकायची. कलमात गठ्ठ्याबद्दल काही नसेल तर हक्कदार फक्त स्वतःच्या जागेची किंमत मागू शकतो का, मालक पूर्ण गठ्ठाच घे म्हणू शकतो का, यावर वर्षानुवर्षं भांडता येतं. दुसरी वाट म्हणजे किमतीचा काही भाग बदली मालमत्तेच्या रूपात किंवा रोखीत घेणं. हक्कदार बरोबरी करतो ती लेखी प्रस्तावाची, त्यामुळे कागदावर कमी आकडा दाखवणारा मालक स्वतःच त्यात अडकतो.

म्हणून मी ताईंना सांगितलं, कलम 17 बाजूला ठेवा. आपण 2021 च्या कागदावर जायचं.

पण तिथे व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश आडवा येत होता. साधा प्रस्ताव असता तर प्रश्नच नव्हता: समोरच्याने उलट प्रस्ताव दिला की मूळ प्रस्ताव संपतो. पैसे न घेता "अमुक तारखेपर्यंत तुम्हाला देईन" म्हणणारा मालक तारखेच्या आधीही शब्द मागे घेऊ शकतो, कारण करार कायद्याच्या कलम 5 प्रमाणे स्वीकृतीआधी प्रस्ताव मागे घेता येतो आणि कलम 25 मधले मोजके अपवाद सोडले तर मोबदल्याशिवायचा करार टिकत नाही. ऑप्शनच्या फीचा हाच तर उपयोग. ते दोन लाख म्हणजे प्रस्ताव उघडा ठेवण्याच्या वचनाचा मोबदला, आणि त्यामुळे ते वचन स्वतःच एक करार झालं. दुसऱ्या, मोठ्या किमतीबद्दल बोलणी केल्याने तो करार आपोआप मरत नाही. तरी धोका होता. काकांनी ताईंच्या नकारावर विसंबून खरेदीखत करून दिलं असतं, तर "त्यांनी हक्क सोडला म्हणून मी विकलं" हा बचाव उभा राहिला असता. ऑप्शन हातात असताना त्याच जागेची घासाघीस करायचीच असेल तर प्रत्येक संदेशात "माझ्या अमुक तारखेच्या हक्काला बाधा न येता" हे शब्द हवेत. ताईंच्या संदेशात अर्थातच नव्हते.

मग नोटीस. ताईंच्या भावाने एक मसुदा करून आणला होता: "मी सदर गाळा 92 लाखांस घेण्यास तयार आहे, मात्र बँकेचे कर्ज मंजूर झाल्यानंतर, आणि मी केलेल्या दुरुस्तीचे तीन लाख वजा करून." हे पत्र गेलं असतं तर हक्क गमावण्याची पुरी तयारी झाली असती. करार कायद्याच्या कलम 7 प्रमाणे स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त हवी. आणि ऑप्शनच्या बाबतीत न्यायालयं जास्तच कडक असतात. परतखरेदीच्या हक्काबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1960 च्या दशकातच सांगितलं आहे की असा हक्क ही एक सवलत असते, तिच्या अटी तंतोतंत पाळाव्या लागतात, मुदत चुकली तर न्यायालयाची दया मिळत नाही. साध्या साठेखतात स्थावर मिळकतीसाठी वेळ हा सहसा कराराचा गाभा मानला जात नाही. ऑप्शनमध्ये तो असतोच.

मी मसुदा असा केला: "दि. 14 जून 2021 च्या कराराने मला मिळालेला खरेदीचा हक्क मी या पत्राने वापरत आहे. मी सदर गाळा रुपये 92 लाख या ठरलेल्या किमतीस, कोणत्याही अटीविना, खरेदी करत आहे." पुढे वेगळ्या परिच्छेदात, विनंती म्हणून, मालकी हक्काची कागदपत्रं आणि सोसायटीचं ना हरकत पत्र मागितलं. मागणी आणि विनंती यांत मुद्दाम अंतर ठेवलं, म्हणजे विनंती नाकारली तरी स्वीकृतीला धक्का नको. "तयार आहे", "इच्छुक आहे" हे शब्द काढले. इच्छा कळवणं वेगळं, हक्क वापरणं वेगळं.

पोहोचवण्याचं काम लिहिण्यापेक्षा अवघड निघालं. कागदात नोटीस कशी, कुठे द्यायची याचा पत्ता नव्हता. टपालात टाकल्याबरोबर स्वीकृती समोरच्यावर बंधनकारक होते असा नियम करार कायद्याच्या कलम 4 मध्ये आहे, पण कागदात "मागणी केल्यास" असं होतं, आणि मागणी म्हणजे मालकाला कळलेली मागणी, असा युक्तिवाद कोणीही करेल. इंग्लंडमध्ये 1974 साली अशाच एका ऑप्शनची नोटीस टपालात हरवली आणि घेणारा हरला, कारण करारात मालकाला लेखी नोटीस देणं आवश्यक होतं. मला तो धोका नको होता. शिवाय 31 मार्चला रविवार, 29 ला गुड फ्रायडे, 25 ला धुळवड. कॅलेंडर समोर ठेवून मी 23 तारीख ही आपली शेवटची तारीख धरली.

15 मार्चला डोंबिवलीच्या पत्त्यावर स्पीड पोस्ट गेलं. दोन दिवसांनी ट्रॅकिंगवर दिसलं, दार बंद. काका पुण्याला मुलीकडे होते. शनिवारी 23 ला ताई आणि त्यांचा भाऊ कोथरूडला गेले. काकांनी चहा पाजला, पत्र दोनदा वाचलं आणि गप्प झाले. मग म्हणाले, "ताई, ते दोन लाख मी परत करणारच होतो गं." ताई म्हणाल्या, "काका, ते उसने नव्हते. तुम्हीच लिहून दिलंय." काकांनी दुय्यम प्रतीवर लिहिलं: "पोहोचली. 23/3/24, दु. 4.10", खाली सही. त्या प्रतीच्या कोपऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. माझ्या फाइलमधला या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद तोच.

त्या क्षणी ऑप्शन संपला आणि विक्रीचा करार जन्मला, दोघांवर सारखाच बंधनकारक. आता ताईंनाही मागे फिरता येत नव्हतं.

आठवड्याने सराफांच्या वकिलाचं पत्र आलं: आमच्या अशिलाला 2021 च्या कागदाची माहिती नव्हती, तो नोंदणीकृत नाही, आम्ही टोकन दिलंय. यातला पहिला मुद्दा वजनदार होता. भारतात विक्रीचा करार किंवा ऑप्शन जमिनीत कोणताही मालकी हितसंबंध निर्माण करत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54 तसं स्पष्ट सांगतं. याच कारणाने सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा 1960 च्या दशकात, ठरवलं की मुदत न घातलेला प्रथम खरेदीचा करार शाश्वततेविरुद्धच्या नियमाने, म्हणजे मालमत्तेतला हितसंबंध अनंत काळ लांबवता येत नाही या नियमाने, बाद होत नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. हक्क फक्त करारातून आलेला असल्याने, मोबदला देऊन, सद्भावनेने, माहिती नसताना घेणाऱ्या तिऱ्हाइताविरुद्ध तो चालत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 40 आणि विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम 19 हेच सांगतं. नोंदणी नसलेला ऑप्शन नोंदणी कार्यालयाच्या इंडेक्स टू मध्ये दिसत नाही, सर्च रिपोर्ट कोरा येतो.

ताई वाचल्या त्या ताब्यामुळे. जो माणूस मालमत्तेच्या प्रत्यक्ष ताब्यात आहे त्याच्या हक्काची माहिती खरेदीदाराला आहे असं कायदा धरतो, आणि भाडेकरूच्या हातात खरेदीचा करार होता अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली म्हटलं आहे की खरेदीदाराने भाडेकरूला विचारायला हवं होतं. सराफांच्या दुकानात दुपारचे डबे ताईंकडूनच जात होते. एकदाही त्यांनी "तुमचा काही करार आहे का" असं विचारलं नव्हतं. आणि मुख्य म्हणजे त्यांचं खरेदीखत झालंच नव्हतं. मी हे सगळं दोन पानांत कळवलं. त्यांच्या वकिलाने जास्त ताणलं नाही, टोकन परत गेलं. ताबा नसता, म्हणजे ऑप्शन एखाद्या रिकाम्या प्लॉटवर असता, तर मी इतका निश्चिंत राहिलो नसतो.

काकांनी नकार दिला असता तर विशिष्ट पालनाचा, म्हणजे करार पाळायला लावण्याचा, दावा. विशिष्ट अनुतोष कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर न्यायालयाचा पूर्वीचा स्वेच्छाधिकार आकुंचित झाला आहे, पण आपण पैसे देण्यास तयार आणि सक्षम होतो हे अजूनही सिद्ध करावं लागतं. म्हणून मी ताईंना नोटिशीबरोबरच बँकेत अर्ज करायला लावलं. साठ लाखांच्या कर्जाचं तत्त्वतः मंजुरीचं पत्र एप्रिलमध्ये हातात होतं. दाव्याची मुदत तीन वर्षं, ठरलेल्या तारखेपासून किंवा तारीख नसेल तर नकार कळल्यापासून.

कागदात उरलेल्या भोकांवर मात्र तडजोड करावी लागली. दोन लाख किमतीत धरायचे की वेगळी फी? काहीच लिहिलं नव्हतं. काकांनी वजा करायला मान्यता दिली, त्याबदल्यात ताईंनी सोसायटीच्या ट्रान्सफरचा सगळा खर्च उचलला. खरेदीखत किती दिवसांत? लिहिलं नव्हतं, म्हणून कायद्याने वाजवी काळ. आम्ही नव्वद दिवस लेखी ठरवले. मुद्रांकाचा घोळ वेगळाच: कमी मुद्रांकाचा कागद दाव्यात पुरावा म्हणून वापरायचा तर तुटीच्या रकमेवर दरमहा दोन टक्के दंड भरावा लागतो. भाडेकरू आधीच ताब्यात असेल तर विक्री कराराला खरेदीखतासारखं शुल्क लागण्याचा प्रश्न येतो, म्हणून असा कागद करतानाच मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय करून घ्यावा, म्हणजे शुल्क किती ते अधिकृतपणे ठरवून घ्यावं. आमचं दाव्यावाचून भागलं.

21 जून 2024 ला, लायसन्स संपायला नऊ दिवस असताना, खरेदीखत नोंदलं गेलं. 92 लाखांवर एक टक्का, म्हणजे 92 हजार, टीडीएस ताईंनी काकांच्या नावे भरला.

आणि मग ताईंनी मागची खोली मागितली. काका म्हणाले, "आता पुन्हा भाव बांधून देणार नाही. विकली तर तुम्हालाच आधी विचारीन." त्यांना ऑप्शनने पोळलं होतं, 2021 मध्ये 92 लाख चांगले वाटत होते, पुढच्या तीन वर्षांची वाढ सगळी ताईंकडे गेली. किंमत आज बांधायची ती ऑप्शनमध्ये, आणि ती जोखीम मालकाला नको असेल तर फर्स्ट रिफ्युजल हाच त्याच्या सोयीचा हक्क. म्हणून या वेळी तो नीट लिहिला आणि, रिकामी खोली काकांच्याच ताब्यात असल्याने, नोंदणीही केली. त्यातला मुख्य भाग असा:

"मालकास सदर खोलीसाठी तिऱ्हाइताचा लेखी व खरा प्रस्ताव आल्यास, तो स्वीकारण्यापूर्वी, मालक त्याची संपूर्ण प्रत हक्कदारास नोटिशीने देईल. नोटीस पोहोचल्यापासून तीस दिवसांत हक्कदाराने त्याच किमतीस व अटींस खरेदी करत असल्याचे लेखी कळविल्यास मालक त्यास विक्री करील. प्रस्तावात अन्य मालमत्ता समाविष्ट असल्यास सदर खोलीची किंमत स्वतंत्र दाखविली जाईल. उभयतांचे त्यावर एकमत न झाल्यास नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा आकडा बंधनकारक राहील. हक्कदाराने न घेतल्यास मालक नव्वद दिवसांत त्याच तिऱ्हाइतास, त्याहून सोप्या नसलेल्या अटींवर विक्री करू शकेल. तसे न झाल्यास हा हक्क पुन्हा लागू होईल. पती, पत्नी, अपत्य यांस बक्षीस वा वारसाहक्काने होणारे हस्तांतरण यास लागू नाही, परंतु असे हस्तांतरण घेणाऱ्यावर हे कलम बंधनकारक राहील. इमारतीचा पुनर्विकास झाल्यास खोलीऐवजी मिळणाऱ्या जागेस हे कलम लागू राहील."

शेवटचं वाक्य नौपाड्यासाठी. तिथली इमारत चाळीस वर्षांची आहे, सोसायटीत बिल्डरांची येजा सुरू आहे, आणि पाडलेल्या खोलीवरचा हक्क पाडलेल्या भिंतीबरोबर जाऊ नये.

नव्वद दिवसांच्या वाक्यावर काका अडले होते. "एकदा तुम्ही नाही म्हटल्यावर परत का विचारू?" मी त्यांना समजावलं की तसं नसेल तर कोणीही आधी फुगवलेला प्रस्ताव दाखवून नकार मिळवेल आणि मग वर्षाने कमी भावात दुसऱ्याला देईल. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "मी असं करणार नाही, पण माझ्यानंतर मुलगा आहे. राहू दे."

खोलीत आज काकांची जुनी कपाटं आहेत. त्या कलमाखाली अजून एकही नोटीस निघालेली नाही. काकांना विकायची नाही, आणि ताईंना त्यांना विकायला लावता येत नाही.